छापून न आलेला रिसर्च पेपर भाषांतराला आला, तर तो गावात राहून जपायचा कसा

आपल्याकडं घरबसल्या भाषांतराचं काम करणारे आता तालुक्याच्या गावातही बरेच झाले, आणि त्यात रिसर्चचं कामही येतं. कधी मुलाखतींचं मराठीतून इंग्रजी, कधी पूर्ण पेपर. एजन्सी किंवा संशोधक आधी गोपनीयतेच्या कराराचा एक कागद पाठवते, सहीसाठी. आपण तो वाचत नाही, सही करून स्कॅन पाठवून देतो, अन् मग त्याच दिवशी ती फाईल व्हॉट्सअपवर प्रिंटवाल्याला जाते, 'दादा दोन प्रती काढून ठेव'. इथंच त्या कागदाचा भंग होऊन गेलेला असतो अन् आपल्याला पत्ताही नसतो.

सगळे प्रकार सांगत बसत नाही, एकच उदाहरण घेतो. ते बनवलेलं आहे, पण अशीच कामं आपल्याकडं येतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर त्या विषयावर लोक अभ्यास करायला लागले. आता समजा एका संशोधक बाईंनी फवारणी करणाऱ्या मजुरांच्या अन् त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या वऱ्हाडीतून इंग्रजीत करायच्या आहेत आणि सोबत त्यांच्या लेखाचा मसुदाही तपासायचा आहे. लेख अजून कुठल्या जर्नलला गेलेला नाही. भाषांतर करणारे तुम्ही, अन् राहता शेजारच्याच तालुक्यात.

यात जपायचं काय? लोक म्हणतात 'निष्कर्ष', ते तर आहेच. बाईंनी तीन वर्षं घातली, दुसऱ्यानं तोच मुद्दा आधी छापला तर त्यांच्या हातात काय राहिलं. अन् लेख आधीच कुठं नेटवर दिसला तर काही जर्नल घेतच नाहीत, 'आधी प्रकाशित' म्हणून परत करतात. लेखात समजा नवीन नोझलचं डिझाईन असेल अन् पेटंटचा अर्ज अजून गेलेला नसेल तर प्रकरण आणखी नाजूक, कारण अर्जाच्या आधी ती गोष्ट सार्वजनिक झाली की नावीन्य गेलं म्हणून पेटंट अडकू शकतं. पण या सगळ्या लेखिकेच्या गोष्टी आहेत, अन् लेख छापून आला की त्यांची गुप्तता आपोआप संपते.

दुसरं जे आहे ते कधीच संपत नाही, ते म्हणजे मुलाखत देणारा माणूस. त्याला सांगितलेलं असतं की तुमचं नाव कुठं येणार नाही, तसं संमतीपत्र घेतलेलं असतं, संस्थेच्या एथिक्स कमिटीनं ते पाहिलेलं असतं. लेख छापला तरी त्यात नावाऐवजी लिहिलेला P-07 हा कोण, हे गुपितच राहतं, पाच वर्षांनी अन् दहा वर्षांनीही. करारात सहसा एक वाक्य असतं की सार्वजनिक झालेली माहिती गोपनीय धरली जाणार नाही. ते वाचून काहींना वाटतं की पेपर आला, आता सगळं बोलायला मोकळे. तसं नाही. पेपरात जेवढं आलं तेवढंच सार्वजनिक झालं, मूळ मुलाखतीत जे राहिलं ते नाही.

अन् गावात राहणाऱ्याची अडचण इथं सुरू होते, जी पुण्या-मुंबईच्या भाषांतरकाराला कधी येणार नाही. त्याच्यासाठी P-07 हा एक कोड आहे. तुम्ही वाचता, 'वय चौतीस, आधी सरपंचाच्या ट्रॅक्टरवर होता, त्याच्या भावाची पंढरपूरच्या वारीत गाडी उलटली होती', अन् तुमच्या डोक्यात चटकन नाव येतं. बाईंनी नाव काढलं, गावाचं नावही काढलं, पण चारशे घरांच्या गावात एवढं सांगितलं तरी माणूस ओळखू येतो. ही चूक तुमची नाही, पण आता तुमच्याजवळ एक अशी गोष्ट आहे जी नुसतं फाईलला पासवर्ड लावून जपता येत नाही.

तेव्हा काय करायचं? पहिलं, खात्री करायला जायचं नाही. 'हा तोच आहे का' म्हणून कोणाला सहज विचारणं म्हणजेच सांगणं. दुसरं, एखादी बोलीतली गोष्ट अडली तर ती वाक्यापासून तोडून विचारायची. कृषी केंद्रावाल्याला 'अमुक पंपाला आपल्याकडं काय म्हणतात' एवढं विचारता येतं, पण 'एका माणसानं सांगितलंय की त्या दिवशी दुकानदारानं त्याला दोन औषधं मिसळून दिली, म्हणजे काय असेल' असं नाही विचारता येत, कारण कदाचित तोच दुकानदार समोर उभा असेल. तिसरं, लेखिकेला लिहून कळवायचं, पण नाव न लिहिता. 'मुलाखत 7, पान 3, दुसरा परिच्छेद: यातल्या तपशिलावरून इथल्या स्थानिक माणसाला व्यक्ती ओळखू येण्याची शक्यता आहे, वारीचा उल्लेख अन् आधीचं काम हे दोन एकत्र आले की. ठेवायचं की ढोबळ करायचं ते कळवा.' बस. स्वतः होऊन वाक्य बदलायचं नाही, तो निर्णय त्यांचा. अन् माणूस अगदी नात्यातला निघाला तर तेवढी मुलाखत 'मला करता येणार नाही' म्हणून परत करायची, कारण काय हे फोडायची गरज नाही, 'ओळखीचा संबंध आहे' एवढं पुरे.

आता कराराकडं. तो सहसा दोन-तीन पानांचा असतो, इंग्रजीत, अन् बरंचसं रूढ असतं. पाच जागी थांबून वाचायचं.

'तिसरी व्यक्ती' हे वाक्य शोधा. 'कुठल्याही तिसऱ्या व्यक्तीला दाखवणार नाही' असं असतं, अन् त्यात तुमचा प्रूफ वाचणारा मित्र येतो, टायपिंग करून देणारी भाची येते, प्रिंटवाला येतो अन् ऑनलाईन भाषांतर करून देणाऱ्या साईटसुद्धा येतात. तुमची कामाची पद्धत अशी असेल की दुसरं कोणी एकदा वाचतंच, तर सही करण्याआधी मेल टाका की 'माझ्यासोबत एक प्रूफ वाचणारे आहेत, त्यांच्याकडूनही हाच कागद सही करून देतो, चालेल का'. सहसा चालतं. सही केल्यावर विचारलं तर तोंड वाईट होतं.

मुदत बघा. लेखातल्या माहितीसाठी 'प्रकाशित होईपर्यंत' किंवा दोन-पाच वर्षं असं असावं, पण मुलाखत देणाऱ्यांच्या ओळखीला मुदत नसावी. दोन्हीला एकच मुदत लावलेली असेल तर वेगळी करायला सांगा, संशोधकाला ते आवडतंच.

पैशाचं वाक्य नीट वाचा. 'होणारं सगळं नुकसान भरून देईन' असं उघडं लिहिलेलं असतं, म्हणजे वीस हजाराच्या कामावर किती लाखाचा धोका ते कोणालाच माहीत नाही. तिथं मर्यादा मागायची, कामाच्या मोबदल्याइतकी किंवा काही ठरलेल्या रकमेइतकी. सगळे देत नाहीत, पण मागायला हरकत नाही. अन् कुठं 'भंग झाल्यास पाच लाख दंड' असं दिसलं तर घाबरून जाऊ नका. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणं लिहिलेली रक्कम ही वरची हद्द असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं, पूर्ण पाच लाख आपोआप लागू होत नाहीत.

मग एक वाक्य असतं, 'पुढची दोन वर्षं या विषयात दुसऱ्या कोणाचं काम घेणार नाही'. त्याच कायद्याच्या कलम 27 मुळं काम संपल्यानंतरची अशी बंदी भारतात सहसा टिकत नाही, धंद्याला अडवणारा करार रद्द धरला जातो. पण गुपित राखण्याची अट मात्र टिकते, दोन्ही एकच समजू नका. तरी ते वाक्य काढूनच सही केलेली बरी, उगाच वाद कशाला.

अन् शेवटचं, 'काम झाल्यावर सगळं परत किंवा नष्ट'. यावर खाली बोलतो, कारण हेच सगळ्यात अवघड आहे.

कागदच आला नसेल तर? बऱ्याच वेळा ओळखीतून काम येतं, प्राध्यापक असतात, ते म्हणतात कशाला करार. मग तुम्हीच चार ओळींचा मेल टाका: अमुक फाईल मिळाली, फक्त मीच पाहीन, कुठल्या ऑनलाईन साईटवर टाकणार नाही, काम दिल्यावर तुम्ही सांगाल त्या तारखेला माझ्याकडच्या प्रती काढून टाकेन, मान्य असल्यास कळवा. त्यांचं 'मान्य' असं उत्तर आलं की झालं, 2000 च्या आयटी कायद्याच्या कलम 10ए प्रमाणं ई-मेलवर झालेला करार केवळ ई-मेलवर झाला म्हणून अवैध ठरत नाही. अन् एक गोष्ट विचारायची, जी लोक विचारत नाहीत: एथिक्स कमिटीच्या कागदात भाषांतरकाराचा उल्लेख आहे का. नसेल तर त्या बाईंनाच आधी परवानगीत ते घालून घ्यावं लागेल, अन् तुम्हाला स्वतंत्र गोपनीयतेचं हमीपत्र द्यावं लागू शकतं. नंतर सांगण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आता फाईल. गावात हॅकर येऊन लॅपटॉप फोडेल याची चिंता फार करू नका, तुमची फाईल जाते ती रोजच्या वाटेनं. प्रिंटचं बघा. तुम्ही बस स्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरवर जाता, त्याच्या व्हॉट्सअपवर फाईल टाकता, तो कॉम्प्युटरवर व्हॉट्सअप वेब उघडून डाऊनलोड करतो, प्रिंट मारतो, पैसे घेतो, तुम्ही निघता. आता ती फाईल त्याच्या फोनमध्ये आहे, त्याच्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोड फोल्डरात आहे, तुमच्या फोनमध्ये आहे, अन् तुमचं व्हॉट्सअप बॅकअप चालू असेल तर गुगल ड्राईव्हवरही गेली. त्या डाऊनलोड फोल्डरात दिवसभरात पीक विमा भरायला आलेली पन्नास माणसं वाकून बघतात. पेनड्राईव्ह लावला तरी तेच, लोक सेंटरवर आधी डेस्कटॉपवर कॉपी करून घेतात. यावर उपाय एकच, अशा कामाची प्रिंट बाहेर काढायचीच नाही, स्क्रीनवर अक्षर मोठं करून वाचायचं. अगदीच लागत असेल तर घरात साधा प्रिंटर घ्या, रिसर्चची दोन-चार कामं आली की पैसे वसूल.

लॅपटॉप घरातला असेल, पोरंही वापरत असतील, तर कामासाठी विंडोजमध्ये वेगळा युजर काढा, पासवर्डसह. अन् डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय आतलं कोणाला वाचता येत नाही. विंडोज 11 होममध्ये बिटलॉकरची पूर्ण सोय नसली तरी बऱ्याच लॅपटॉपवर Device encryption नावाचा पर्याय असतो, Settings मध्ये Privacy & security खाली. चालू केल्यावर लगेच रिकव्हरी की कुठं साठली ते बघून कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर उद्या तीच तुम्हाला अडवेल. हे का गरजेचं? लॅपटॉप दुरुस्तीला जातो म्हणून. यवतमाळ किंवा अकोल्याच्या दुकानात चार दिवस राहतो, दुकानदार चांगलाच असतो, पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की साध्या पासवर्डचा काही उपयोग नाही.

फाईल नुसत्या फोल्डरात लपवून भागत नाही, कारण वर्ड स्वतःच प्रती करतो. लाईट गेली अन् वर्ड बंद पडला की परत उघडल्यावर तो 'रिकव्हर केलेली फाईल' दाखवतो ना, ती प्रत तुमच्या फोल्डरात नसते, ती AppData या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरच्या आत कुठं तरी ठेवलेली असते. म्हणजे तुम्ही पासवर्डवाला डबा करून त्यात फाईल ठेवली तरी एक पिल्लू बाहेर राहू शकतं. म्हणूनच मी म्हणतो की एक फोल्डर नाही, पूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट करा. अन् वर्डच्या वरच्या कोपऱ्यात AutoSave चालू असेल तर फाईल वनड्राईव्हवर जातेय का ते बघा, नको असेल तर बंद करा अन् आपणच मधूनमधून सेव्ह दाबत जा.

पाठवताना अन् घेताना सेव्हन-झिप हे फाईली पासवर्ड लावून बांधणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. फाईलवर राईट क्लिक, Add to archive, फॉरमॅट 7z, पासवर्ड दोनदा, अन् खालचा Encrypt file names हा चौकोन टिक करायचा. तो टिक केला नाही तर आतला मजकूर झाकलेला राहतो पण नावं दिसतात, अन् नाव 'यवतमाळ_फवारणी_मुलाखती' असं असेल तर नावातच अर्धं सांगून झालं. कमांडनं करायचं असेल तर:

```
7z a -t7z -mhe=on -p kaam14.7z kaam14
```

`-mhe=on` म्हणजे नावंही झाका, अन् `-p` ला चिकटून पासवर्ड न लिहिता एंटर दाबलं की तो पासवर्ड विचारतो, असं केल्यानं पासवर्ड स्क्रीनवर अन् कमांडच्या इतिहासात राहत नाही. साधा zip फॉरमॅट निवडला तर Encryption method मध्ये ZipCrypto असतं, ते कच्चं आहे, तिथं AES-256 करून घ्या. पासवर्ड फाईलसोबत त्याच मेलमध्ये कधी टाकू नका, फोन करून सांगा. लोक दोन मेल एकामागून एक पाठवतात, पहिल्यात फाईल, दुसऱ्यात पासवर्ड. तो मेलबॉक्स ज्याच्या हाती लागला त्याला दोन्ही मिळाले.

गुगल ड्राईव्हची लिंक पाठवायची झाली तर 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय नाही, समोरच्याचा मेल आयडी घालून द्यायची. लिंक ग्रुपवर फॉरवर्ड झाली तर कोणीही बघतो, अन् तुम्हाला कळत नाही.

फुकटच्या ऑनलाईन भाषांतर साईटबद्दल एवढंच सांगतो. 2017 च्या सप्टेंबरात नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेनं दाखवून दिलं की translate.com या साईटवर लोकांनी भाषांतरासाठी टाकलेले मजकूर गुगलवर शोधून वाचता येत होते. त्यात स्टॅटऑईल या मोठ्या तेल कंपनीतले मजकूरही होते. कोणी चोरी केली नव्हती, कर्मचाऱ्यांनी स्वतःच पेस्ट केलेलं होतं. आपली मुलाखतीची एक ओळ तिथं टाकली म्हणजे एक ओळच गेली असं वाटतं, पण त्या ओळीत जर वारीतल्या गाडीचा उल्लेख असेल तर तेवढी पुरे.

आता भाषांतराच्या सॉफ्टवेअरची गोष्ट, जी काम संपल्यावर विसरली जाते. ओमेगा-टी घ्या, फुकट आहे, बरेच जण वापरतात. तुम्ही वाक्य भाषांतरित करत जाता तसं तो जोड्या साठवत जातो, मूळ वाक्य अन् तुमचं भाषांतर. ती फाईल प्रोजेक्टच्या omegat फोल्डरात `project_save.tmx` नावानं असते, त्याच्या शेजारी .bak च्या जुन्या प्रती असतात, अन् लक्ष्य फाईल तयार केली की आणखी tmx फाईली प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात येतात. म्हणजे तुम्ही फक्त वर्डची फाईल डिलीट केली तर संपूर्ण मुलाखती वाक्यावाक्यानं तशाच बसलेल्या असतात. त्याहून वाईट म्हणजे हा साठा पुढच्या क्लायंटच्या प्रोजेक्टला जोडला, तर त्या कामात एखादं सारखं वाक्य आलं की P-07 चं वाक्य सूचना म्हणून समोर येतं, अन् प्रोजेक्टचं फोल्डर त्या क्लायंटला पाठवलंत तर साठाही सोबत जातो. अशा कामाचा साठा वेगळा ठेवा, जोडू नका. पुन्हा वापरायची परवानगी हवी असेल तर करारातच मागा, 'सर्वसाधारण शब्दसंग्रह ठेवीन, वाक्यं नाही' एवढी बऱ्याच जणांना मान्य होते.

काम गेल्यावर नष्ट करायचं म्हणजे मेलमधली जोडणी, फोनमधला डाऊनलोड, रिसायकल बिन, प्रोजेक्ट फोल्डर, AppData मधल्या उरलेल्या प्रती अन् बॅकअप डिस्क. एसएसडी असेल तर पुसलेलं लगेच खरंच गेलं असं म्हणता येत नाही, म्हणून तर सुरुवातीपासून एन्क्रिप्शन हवं, मग उरलेल्या तुकड्यांचं कोणाला काही करता येत नाही. घाई मात्र नको, लेखिका जर्नलच्या शंका आल्यावर महिन्याभरानंही विचारतात की 'हे वाक्य असं का केलं', तेव्हा हातात काही नसेल तर दोघांचीही अडचण. तारीख आधीच लिहून ठरवा, उदाहरणार्थ लेख स्वीकारल्यावर 30 दिवसांनी. मग पुसा अन् दोन ओळींचा मेल करा की अमुक तारखेला सगळ्या प्रती काढल्या, माझ्याकडं फक्त करार अन् बिल आहे. बिलात लेखाचं नाव टाकू नका, 'काम क्र. 14, मराठी-इंग्रजी, इतके शब्द' असं टाका. यूपीआयच्या नोटमध्येही तेच लिहायला सांगा, तिथं 'विषबाधा मुलाखती' असं लिहून पैसे पाठवणारे पाहिलेत मी.

अन् कुठं काही गेलंच, म्हणजे फोन हरवला, चुकीच्या माणसाला मेल गेला, भाचीनं फाईल उघडलेली दिसली, तर त्याच दिवशी कळवा. आधी सगळं आपणच निस्तरू अन् मग सांगू असं करू नका, कारण त्या बाईंना त्यांच्या कमिटीला कळवावं लागतं, कदाचित त्या माणसालाही. मेलमध्ये चारच गोष्टी: काय गेलं (कोणती फाईल, कितव्या मुलाखतीपर्यंत), कधी, त्यावर पासवर्ड होता की नाही, अन् तुम्ही आतापर्यंत काय केलं, जसं की सिम बंद केलं, मेलचा पासवर्ड बदलला, चुकीच्या माणसाला पुसायला सांगितलं अन् त्याचं उत्तर आलं की नाही. माफी एका ओळीत. मुलाखत देणाऱ्याचं नाव त्या मेलमध्येही लिहायचं नाही.